वर्षभराची साठवण असलेल्या घराचे स्वयंपाकघर : छोट्या इंटिरियर फर्मकडून काम करून घेणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

जळगावातील आमच्या घराचे स्वयंपाकघर एका छोट्या इंटिरियर फर्मकडून नव्याने करून घेतले, त्यावरून आता एक पूर्ण उन्हाळा आणि एक पूर्ण पावसाळा गेला आहे. काम मनासारखे झाले आणि दोन्ही ऋतूंत टिकले. ज्या डिझायनर ताईंनी हे काम केले त्यांनी पुढच्या ग्राहकांना वाचायला देण्यासाठी आमचा अनुभव लिहून मागितला. नुसते कौतुक लिहून दिल्याने नव्या माणसाच्या हाती काही लागत नाही, म्हणून काम ज्या क्रमाने झाले त्याच क्रमाने, प्रत्येक टप्प्यावर काय विचारावे आणि कुठे फसगत होऊ शकते यासह, ते येथे मांडत आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करते. बाजारात दाखवले जाणारे मॉड्युलर किचन हे महिन्याचा किराणा पुड्यांत आणणाऱ्या कुटुंबासाठी आखलेले असते. खान्देशातील बहुतेक घरांत मात्र होळीनंतर नवे गहू येतात, दादर येते, डाळी भरल्या जातात, मिरची कुटली जाते आणि आखाजीपर्यंत पापड, कुरडया, बिबडे वाळवून डब्यांत जातात. या साठवणीचे वजन आणि आकारमान आधी कागदावर आले नाही, तर तीच ठरावीक रचना आपल्या घरात बसवली जाते आणि धान्याच्या कोठ्या पुन्हा बैठकीच्या खोलीत किंवा जिन्याखाली येऊन बसतात. आमच्या कामाचा सगळा कस या एका मुद्द्यावर लागला.

आमचे स्वयंपाकघर १० फूट बाय १२ फुटांचे आहे. पश्चिमेच्या १० फुटांच्या भिंतीला खिडकी आहे आणि तिला लागून दुसऱ्या भिंतीवर ७ फुटांची बाजू ओट्यासाठी मिळते, म्हणजे ओटा इंग्रजी एल अक्षराच्या आकाराचा होतो. घरात आम्ही सहा माणसे आहोत आणि स्वयंपाक प्रामुख्याने सासूबाई आणि मी करतो.

पहिल्या भेटीपूर्वी जवळ ठेवायच्या गोष्टी

- साठवणीची यादी, प्रत्येक वस्तूच्या वजनासह आणि डब्याच्या मापासह
- घरातील स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येकाची उंची आणि कोपराची जमिनीपासूनची उंची
- अलीकडचे वीजबिल, कारण त्यावर मंजूर भार लिहिलेला असतो
- घरात राहणारच असलेल्या उपकरणांची मापे : फ्रिज, मिक्सर, पाणी शुद्ध करणारे यंत्र, घरघंटी असल्यास तीही
- फ्लॅट असेल तर सोसायटीची लेखी परवानगी आणि तोडफोडीच्या वेळांचा नियम
- एक मोजपट्टी आणि एक जाड वही

१. रंगांच्या आधी वजनाची यादी करा

पहिल्या भेटीत बहुतेक डिझायनर आवडीचे फोटो दाखवायला सांगतात. आमच्या ताईंनी "वर्षाला काय काय भरता आणि ते आत्ता कुठे आहे?" असा प्रश्न विचारला आणि त्या सासूबाईंबरोबर प्रत्येक कोठी, बरणी आणि डबा पाहत घरभर फिरल्या. योग्य माणसांकडे आलो आहोत, हे मला तिथेच पटले.

आमच्या यादीत गहू ३ क्विंटल, दादर १ क्विंटल, तूरडाळ ४० किलो, तांदूळ २५ किलो, तिखट ८ किलो आणि तेलाचे १५ किलोचे दोन डबे होते. ही बेरीज पाच क्विंटलच्या थोडी वर जाते. त्याशिवाय पापड-कुरडयांचे मोठे डबे, लोणच्याच्या चिनी मातीच्या बरण्या आणि पुरणाच्या मांड्यांचे खापर होते. या वस्तूंचे तीन गट पाडावेत : जड आणि क्वचित हलणारे, जड पण रोज लागणारे, आणि हलके पण जागा खाणारे. जड वस्तू जमिनीलगत, रोजच्या वस्तू कमरेच्या उंचीवर आणि हलक्या वस्तू वर, हा नियम साधा आहे; परंतु यादी नसेल तर तो पाळता येत नाही.

१ क्विंटल गव्हाला सुमारे साडेचार ते पाच घनफूट जागा लागते. मला हे गहू ओट्याखालच्या मोठ्या ड्रॉवरमध्ये हवे होते, कारण तसे एका प्रदर्शनात पाहिले होते. ताईंनी ते करून देण्यास नकार दिला आणि कारणही समजावून सांगितले. ड्रॉवर ज्या टेलिस्कोपिक चॅनलवर सरकतो त्यांच्या नेहमीच्या जोडीची क्षमता साधारण ३५ ते ४५ किलो असते, आणि त्यात ड्रॉवरचे स्वतःचे वजनही धरावे लागते. १०० किलो गहू त्यावर घातले तर काही महिन्यांत चॅनलमधील छर्रे निसटतात आणि ड्रॉवर पुढून खाली झुकतो.

त्याऐवजी त्यांनी सुचवलेली रचना साधी होती आणि तीच आज आमच्या घरातील सर्वांत उपयोगी वस्तू आहे. लांब ओट्याखाली २४ इंच रुंदीचे दोन कप्पे तळाच्या फळीविना ठेवले. त्या कप्प्यांत थेट फरशीवर, लोखंडी अँगलच्या चाकांच्या चौकटीवर पत्र्याची एकेक कोठी उभी राहते. एका कोठीत १ क्विंटल गहू आणि दुसरीत १ क्विंटल दादर असते. पुढे दार आहे, ते जमिनीपासून पाऊण इंच वर थांबते. दार उघडून कोठी बाहेर ओढायची, झाकण काढायचे, धान्य घ्यायचे आणि कोठी परत आत ढकलायची. सगळे वजन फरशीवर जात असल्यामुळे लाकूडकामावर भार येतच नाही, आणि कोठी भिंतीला न टेकता चौकटीवर उभी असल्याने पावसाळ्यात भिंतीची ओलही धान्याला लागत नाही.

येथे एक सापळा आहे. जुन्या कोठ्या अडीच फूट उंच असतात आणि चाके, झाकणाची कडी धरून त्या ओट्याखाली जात नाहीत. आम्ही पत्र्याच्या कारागिराकडून २१ इंच व्यासाच्या आणि २५ इंच उंचीच्या दोन कोठ्या करून घेतल्या. त्यात १ क्विंटल धान्य थोडी जागा उरून बसते. चाकांसह ही उंची साडेएकोणतीस इंचांच्या आसपास जाते. म्हणून कोठी आधी करून घ्यावी आणि तिच्यावरून कप्पा आखावा. उरलेले दोन क्विंटल गहू जिन्याखालीच राहिले. सगळी साठवण स्वयंपाकघरात कोंबण्याचा हट्ट धरला असता, तर रोजच्या भांड्यांना जागा उरली नसती.

२. ओट्याची उंची स्वयंपाक करणाऱ्यांवरून ठरवा

कोपर काटकोनात वाकवून जमिनीपासून त्याची उंची मोजावी आणि त्यातून ४ ते ५ इंच वजा करावेत. चिरण्या-निवडण्यासाठी ओट्याची सोयीची उंची साधारण तितकी येते. सासूबाईंची उंची ४ फूट १० इंच आणि माझी ५ फूट ४ इंच असल्यामुळे हे गणित एका ओट्यात बसत नव्हते. शिवाय भाकरी थापताना आणि कणीक मळताना हाताचा दाब वरून यावा लागतो आणि शेगडी स्वतःच काही इंच उंच असते, म्हणून या दोन्ही कामांना ओटा आणखी खाली हवा.

यावर मार्ग असा निघाला की खिडकीकडचा लांब ओटा ३४ इंचांचा आणि शेगडीकडचा आखूड ओटा ३० इंचांचा केला. सिंक आणि चिरण्याचे काम लांब ओट्यावर होते, शेगडी आणि थापण्याची जागा खालच्या ओट्यावर. सासूबाई आता पाट किंवा स्टूल न घेता कळण्याच्या भाकरी करतात. उंची कागदावर ठरवू नका. आमच्याकडे मिस्त्रींनी विटांवर प्लायवूडची फळी ठेवून दोन्ही उंच्या तात्पुरत्या उभ्या केल्या आणि सासूबाईंना तिथे परात ठेवून मळायला सांगितले. त्यांनी थोडे मळून पाहिले आणि म्हणाल्या, "भाऊ, आणखी दोन बोटे खाली घ्या." त्या दोन बोटांनंतर ३० इंच हा आकडा पक्का झाला.

ओटा खाली घेतल्याचा एक परिणाम आधीच लक्षात घ्यावा लागतो. रेग्युलेटर लावलेला सिलिंडर ३० इंचांच्या ओट्याखाली मोकळेपणाने बसत नाही. आम्ही गॅस एजन्सीच्या अधिकृत माणसाकडून सिलिंडर मागच्या अंगणात, जाळीच्या हवेशीर कप्प्यात हलवून तांब्याची नळी आत घेतली. आपला सिलिंडर आतच राहणार असेल, तर त्याच्या कप्प्याच्या दाराला अगदी खालच्या बाजूला जाळी ठेवायला सांगा, कारण हा वायू हवेपेक्षा जड असतो आणि गळती झाली तर तळाशी साचतो. गॅसची रबरी नळी बंद कपाटाच्या पाठीमागून कधीही नेऊ देऊ नका; ती डोळ्यांना दिसली पाहिजे आणि तिच्यावर छापलेल्या मुदतीप्रमाणे बदलता आली पाहिजे.

वरच्या कपाटांची तळरेषा ओट्यापासून २४ इंचांवर ठेवली. सर्वांत वरच्या फळीवर सासूबाईंचा हात पोहोचत नाही, म्हणून तिथे पापड-कुरडयांचे हलके डबे ठेवायचे, हे रेखाचित्रावरच लिहून घेतले.

३. कोटेशन वाचायला शिका

तीन ठिकाणांहून कोटेशन घेतले आणि तिन्हींची मोजण्याची पद्धत वेगळी निघाली. एकाने धावत्या फुटाचा दर दिला होता, एकाने दर्शनी चौरस फुटाचा, तर एकाने सगळ्या कामाची मिळून एकच रक्कम लिहिली होती. एकच रक्कम असलेले कोटेशन बाजूला ठेवावे किंवा ते फोडून मागावे, कारण मध्ये एखादे काम कमी केले तर किती पैसे वजा होणार हे त्यावरून कळत नाही.

एल आकाराच्या ओट्यात कोपरा दोनदा मोजला जाण्याचा प्रकार नेहमी होतो. आमच्या दोन भिंती १० आणि ७ फुटांच्या आहेत, म्हणून एका कोटेशनमध्ये १७ फूट लांबी धरली होती. परंतु ओट्याची खोली २ फूट असल्याने कोपऱ्यातील २ फूट दोन्ही भिंतींत येतात. प्रत्यक्ष लांबी १५ फूटच भरते. खालच्या कपाटांची उंची अडीच फूट धरली, तर ४२.५ ऐवजी ३७.५ चौरस फूट होतात. दर चौरस फुटाला १,५०० रुपये धरला तर केवळ या कोपऱ्याचा फरक ७,५०० रुपयांचा पडतो. आम्ही ज्या फर्मला काम दिले त्यांनी मोजणीचे रेखाचित्र कोटेशनला जोडले होते आणि कोपरा एकदाच धरून तसे लिहिलेही होते.

दुसरी गोष्ट म्हणजे कोटेशनमध्ये नसलेल्या कामांची यादी. काम घेणाऱ्याला "यात काय धरलेले नाही?" असा सरळ प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी घ्या. ओट्याचा दगड आणि त्याची कटाई, सिंक, नळ, जुना ओटा तोडणे, मलबा उचलणे, विजेची वायरिंग, भिंतीच्या टाइल्स आणि १८ टक्के जीएसटी या बाबी बहुधा बाहेर असतात. आमच्या तिन्ही कोटेशनांत या बाबी मिळवल्यावर वरवर सर्वांत स्वस्त दिसणारे कोटेशन मधल्या क्रमांकावर आले.

४. साहित्य नावाने लिहून घ्या आणि साइटवर तपासा

"वॉटरप्रूफ प्लाय" असा शब्द कोटेशनमध्ये असेल तर त्याला काही अर्थ नाही. सिंकखालच्या आणि ओट्याखालच्या कपाटांसाठी आयएस ७१० या मानकाचे, म्हणजे ज्याला बाजारात मरीन किंवा बीडब्ल्यूपी म्हणतात ते प्लायवूड लिहून घ्यावे. वरच्या कोरड्या कपाटांना आयएस ३०३ मधील बीडब्ल्यूआर पुरते आणि तिथे थोडी बचत होते. साइटवर शीट आल्यावर प्रत्येक शीटवरील छाप वाचा. आयएसआय चिन्हाखाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो मोबाइलवरील बीआयएस केअर या अॅपमध्ये टाकला की परवाना कोणत्या उत्पादकाचा आणि कोणत्या मानकासाठी आहे ते दिसते. ताईंनी हे आमच्यासमोर करून दाखवले. ज्यांचे माल-साहित्य खरे असते त्यांना या तपासणीचा राग येत नाही. वर्कशॉपमध्ये कापून येणाऱ्या कामात छाप असलेला तुकडा नेमका निघून जातो, म्हणून शीट कापण्यापूर्वी वर्कशॉपला एक फेरी मारावी. आमचे वर्कशॉप एमआयडीसीत असल्याने ते सहज जमले.

दारांच्या बाबतीत आमच्याकडील उन्हाळा निर्णायक ठरतो. पारा ४५ अंशांपर्यंत जातो, पश्चिमेची भिंत दुपारनंतर संध्याकाळपर्यंत तापलेली असते आणि त्यात शेगडीची उष्णता मिसळते. पातळ पीव्हीसी पटल चिकटवलेली मेंब्रेनची दारे दिसायला सुंदर असतात, पण शेगडीजवळ त्यांच्या कडा उष्णतेने सुटू लागतात. आम्ही प्लायवूडवर १ मिलिमीटर जाडीचे लॅमिनेट आणि मशीनने चिकटवलेली एज बँड पट्टी घेतली. पट्टी फक्त दर्शनी बाजूंना न लावता चारही कडांना लावायची असते. दार बसवण्यापूर्वी ते उलटे धरून खालची कड पाहा; पोछ्याचे पाणी तिथूनच आत जाते आणि पैसे वाचवणारे नेमकी तीच कड उघडी ठेवतात.

फळ्यांच्या बाबतीत लांबीकडे लक्ष द्यावे. १८ मिलिमीटरची प्लायवूड फळी ३ फूट मोकळी ठेवली आणि तिच्यावर बरण्यांसारखे कायमचे वजन आले, तर ती मधोमध वाकते. आमच्या मूळ रेखाचित्रात लोणच्याच्या बरण्यांसाठी ३ फुटांची फळी होती. वजनाची यादी समोर असल्यामुळे तिच्यात उभा पडदा टाकून प्रत्येकी दीड फुटाचे दोन भाग केले. तूरडाळीचेही तसेच झाले. ४० किलो डाळ आणि ड्रॉवरचे वजन मिळून चॅनलच्या मर्यादेवर जात होते, म्हणून २०-२० किलोचे दोन ड्रॉवर केले आणि प्रत्येकावर किती वजन ठेवायचे ते रेखाचित्रात लिहिले.

वाळवीचा बंदोबस्त कपाटे बसण्यापूर्वीच करून घ्या. भिंत आणि फरशीच्या सांध्यात छिद्रे पाडून औषध सोडले जाते, आणि एकदा कपाटे बसली की तो सांधा हाती लागत नाही. जुन्या घरांत दाराची लाकडी चौकट ठोकून पाहावी. पोकळ आवाज आला तर आधी ती बदलावी.

५. पैसे टप्प्यांना बांधा, तारखांना नाही

छोट्या फर्मकडे मोठे भांडवल नसते, त्यामुळे आगाऊ रक्कम मागणे स्वाभाविक आहे. प्रश्न ती कशाच्या बदल्यात द्यायची एवढाच असतो. आमचे ठरले ते असे : रेखाचित्र मान्य झाल्यावर १० टक्के, तपासलेले प्लायवूड आल्यावर ४० टक्के, कपाटे आणि दारे बसल्यावर ४५ टक्के, आणि शेवटचे ५ टक्के पावसाळ्यातील तपासणीनंतर. शेवटची अट मी मांडली तेव्हा ताईंनी थोडा विचार केला आणि मग मान्य केली, कारण उन्हाळ्यात बसवलेल्या दारांना पावसाळ्यात एकदा हात लावावाच लागतो, हे त्यांनाही ठाऊक होते. सर्व रकमा बँकेतून द्याव्यात आणि प्रत्येकीची पावती घ्यावी. मध्येच काम वाढले, तर त्याचा दर काम सुरू होण्यापूर्वी लेखी ठरवावा; मोबाइलवरील संदेशही चालतो, पण तोंडी बोलण्यावर सोडू नये.

वेळेच्या बाबतीत दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. नवे धान्य भरण्यापूर्वी काम हवे असेल, तर संक्रांतीनंतर लगेच सुरुवात करावी. तसेच अनेक मिस्त्री परराज्यांतील असतात आणि होळीला गावी जातात. परत यायला त्यांना वेळ लागतो. म्हणून होळीच्या आधी कपाटांचे सांगाडे बसून झाले पाहिजेत, असे वेळापत्रकात लिहून घ्यावे. तेवढे झाले असेल तर दारे उशिरा आली तरी संसार अडत नाही.

६. भिंती बंद होण्यापूर्वी फोटो काढा

कामाचा क्रम तोडफोड, वायरिंग आणि नळकाम, टाइल्स, कपाटांचे सांगाडे, दगड, दारे आणि शेवटी चिमणी असा असतो. यात ग्राहकाने स्वतः हजर राहावे असा एकच क्षण आहे, तो म्हणजे वायर आणि पाण्याच्या नळ्या भिंतीत बसल्यानंतर आणि टाइल्स लागण्यापूर्वीचा. त्या वेळी भिंतीला मोजपट्टी टेकवून प्रत्येक भिंतीचा फोटो काढावा, म्हणजे नळी जमिनीपासून आणि कोपऱ्यापासून किती अंतरावर आहे ते फोटोत वाचता येते. पुढे वरची कपाटे टांगताना ड्रिल कुठे मारायचे नाही, हे मिस्त्रींना याच फोटोंवरून सांगता येते. आमच्याकडे एका कपाटाचा खिळा नेमका नळीच्या रेषेत येणार होता. फोटो पाहून तो तीन इंच सरकवला.

फ्रिज आणि मिक्सरचे पॉइंट ओट्याच्या वर आणि सिंकपासून लांब ठेवावेत. मोठ्या उपकरणांसाठी १६ अँपिअरचे पॉइंट वेगळ्या एमसीबीवर घ्यावेत. मंजूर भार अपुरा असेल तर तो वाढवण्याचा अर्ज कामाच्या सुरुवातीलाच द्यावा.

७. ताबा घेताना रिकामे नव्हे, भरलेले स्वयंपाकघर तपासा

रिकाम्या ड्रॉवरवरून काहीच कळत नाही. ताबा घेताना ठरलेले वजन प्रत्यक्ष ठेवावे. आम्ही कोठ्या भरून दोन्ही बाहेर ओढून पाहिल्या. एका कोठीचे चाक टाइलच्या सांध्यात अडकत होते, ते मिस्त्रींनी त्याच दिवशी मोठ्या चाकाने बदलले. बरण्यांच्या फळीखाली एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरा ताणून धरला आणि मधोमध फळी दोऱ्याला चिकटते का ते पाहिले. हीच तपासणी महिनाभराने पुन्हा करावी, कारण वाक हळूहळू येतो.

सिंकखालच्या कपाटात कोरडा वर्तमानपत्राचा कागद अंथरून रात्रभर ठेवावा. सिंक काठोकाठ भरून एकदम सोडल्यावर सांध्यातून थेंब आले, तर कागदावर डाग उमटतो. बोअरचे पाणी क्षारयुक्त असेल तर काही आठवड्यांनी नळाच्या बुडाशी पांढरा थर दिसतो. तो दगड आणि सिंक यांच्या सांध्यावर साचू दिला की सिलिकॉनची रेघ सुटते. म्हणून तो सांधा रोज कोरडा पुसावा.

पावसाळ्यात आमची दोन दारे एकमेकांना घासू लागली. कोरड्या उन्हाळ्यात बसवलेले लाकूडकाम दमट हवेत किंचित फुगते आणि बिजागरी जराशी सरकवावी लागते. मऊ बंद होणाऱ्या बिजागरीवर त्यासाठी स्क्रू असतात : पुढचा स्क्रू फिरवला की दार डावी-उजवीकडे सरकते, मागचा सैल करून दार आत-बाहेर घेता येते आणि भिंतीकडच्या पट्टीवरील स्क्रूंनी ते वर-खाली होते. सुपरवायझर भाऊंनी येऊन दोन्ही दारे जुळवली आणि पुढच्या वेळी आम्हालाच करता यावे म्हणून माझ्या हाती पेचकस देऊन एक दार माझ्याकडून करवून घेतले. दारांमधील फट पुन्हा सारखी झाल्यावर उरलेले ५ टक्के त्याच आठवड्यात खात्यावर पाठवले आणि रेखाचित्रे, बिले, बिजागरी व चॅनलची वॉरंटी कार्डे एका फाइलमध्ये घालून ती वरच्या कोरड्या कपाटात ठेवली.